व्हॉइस रेकॉर्डर चालू होत नाही, किंवा ‘Card Error’ दाखवतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान सेलवर चालणाऱ्या आणि आत मायक्रोएसडी कार्ड घेणाऱ्या रेकॉर्डरबद्दल आहे. मुलाखती, कीर्तनं, व्याख्यानं, गावाकडच्या आज्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित करायला आपल्याकडे बहुतेक जण तेच वापरतात. चालू न होणं आणि फाइल न उघडणं या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण एकीतून दुसरी जन्माला येते: सेलच्या टोकाला लागणारी धातूची पट्टी नीट टेकत नाही, रेकॉर्डिंग चालू असताना वीज तुटते, फाइल अर्धवट राहते आणि कार्ड बिघडल्यासारखं दिसतं. तुमचं रेकॉर्डिंग कार्डात अडकलं असेल तर आधीचे प्रश्न सोडा आणि थेट ‘आत्ता काय करू नये’ या प्रश्नावर जा.

बटण दाबलं तरी काहीच होत नाही. सुरुवात कुठून करू?

आधी HOLD पाहा. बऱ्याच मॉडेलांत चालू करायची आणि बटणं लॉक करायची सरकपट्टी एकच असते. एका बाजूला सरकवली की यंत्र चालू होतं, उलट बाजूला सरकवली की बटणं बंद. पिशवीत घासून ती HOLD वर गेली की यंत्र मेल्यासारखं वागतं. शिवाय काही मॉडेलांत बटण दोन-तीन सेकंद धरून ठेवावं लागतं.

त्यानंतर कार्ड काढून ठेवा आणि मग चालू करून पाहा. रेकॉर्डर सुरू होताना कार्ड वाचतो, आणि कार्डावरची फाइलव्यवस्था, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याची नोंद, विस्कटलेली असेल तर तो तिथेच अडकून बसू शकतो. कार्डाविना चालू झाला तर यंत्र ठीक आहे, भानगड कार्डात आहे. मग ते कार्ड पुन्हा आत घालू नका.

तिसरी चाचणी सगळ्यात जास्त सांगून जाते: यूएसबीने संगणकाला जोडा. संगणकाला ड्राइव्ह दिसला, किंवा रेकॉर्डरचा पडदा उजळला, तर आतला बोर्ड जिवंत आहे. मग शोध सेल आणि त्यांच्या पट्ट्यांपुरताच उरतो. मात्र डेटा वाहणारी केबल घ्या. नुसत्या चार्जिंगच्या केबलीने ही चाचणी फसवी ठरते.

सेल नवे आहेत. लोगो येतो आणि लगेच बंद होतो. का?

लोगो दिसला म्हणजे वीज पोहोचते आहे, पण ओझं पडल्यावर टिकत नाही. चालू होताना रेकॉर्डर क्षणभर बराच प्रवाह मागतो. समजा, तो ३०० मिलिअँपिअर आहे आणि पट्टीवरच्या काळपटपणामुळे वाटेत १ ओहम रोध आला आहे. तेवढ्यानेच ०.३ व्होल्ट वाया जातात. दोन सेलांच्या ३ व्होल्टमधून एवढे गेले, त्यात सेल थोडे वापरलेले असले, की आतलं सर्किट ‘बॅटरी संपली’ असं समजून बंद होतं.

म्हणूनच मल्टीमीटरने नुसता सेल मोजून भागत नाही. कोरा अल्कलाइन सेल १.५ ते १.६ व्होल्ट दाखवतो. पण थकलेला सेलही ओझ्याविना १.४ च्या आसपास दाखवून तुम्हाला फसवतो. सेल आत असताना, चालू करण्याच्या क्षणी पट्ट्यांवर मोजता आलं तर खरं चित्र कळतं. सेलच्या टोकाला व्होल्टेज टिकतं आणि पट्टीवर कोसळतं, तर दोष पट्टीचा. दोन्हीकडे कोसळतं, तर सेलचा.

आणि ‘नवे सेल’ म्हणजे कोणते, हेही पाहा. घड्याळात आणि टीव्हीच्या रिमोटमध्ये घालतो ते स्वस्त पेन्सिल सेल बहुधा झिंक-कार्बनचे असतात. घड्याळाला ते वर्षभर पुरतात, कारण घड्याळ नावालाच प्रवाह घेतं. रेकॉर्डरमध्ये ते लवकर मान टाकतात. पाकिटावर ‘अल्कलाइन’ लिहिलेलं नसेल तर रेकॉर्डरसाठी घेऊ नका.

रिचार्जेबल सेल चालतील का?

निकेल-मेटल हायड्राइड चालतात आणि मला तरी तेच आवडतात. त्यांचं छापील व्होल्टेज १.२ असतं, पण ते ओझ्याखाली चांगलं टिकतं. मेन्यूत बॅटरीचा प्रकार Ni-MH असा निवडा, नाहीतर बॅटरीचं चित्र चुकीचं दाखवेल. एक बारीक अडचण येते. उलटा सेल बसू नये म्हणून काही यंत्रांत धन पट्टीभोवती प्लास्टिकची कड असते, आणि काही रिचार्जेबल सेलांची टोपी एवढी बुटकी असते की ती पट्टीपर्यंत पोहोचतच नाही. सेल बदलला की यंत्र चालतं, हा सेल घातला की नाही, असं दिसलं तर टोप्या शेजारी धरून बघा.

यूएसबीने चार्ज होणाऱ्या १.५ व्होल्टच्या लिथियम सेलांपासून मात्र दूर राहा. त्यांच्या आत व्होल्टेज खाली आणणारं छोटं सर्किट असतं. त्याची घरघर काही वेळा रेकॉर्डिंगमध्ये उतरते. त्याहून वाईट म्हणजे ते शेवटपर्यंत १.५ व्होल्टच देत राहतात आणि मग एकदम बंद पडतात. बॅटरीचं चित्र पूर्ण भरलेलं दिसत असताना यंत्र विझतं, फाइल बंद करायला त्याला उसंतच मिळत नाही.

सेलच्या खणात पांढरी भुकटी आहे. काय करू?

सेल फुटून पाझरला आहे. अल्कलाइन सेलमधून पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं, आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याची ती पांढरी भुकटी होते. ओला भाग अजून दाहक असू शकतो, म्हणून हातमोजे घाला आणि फुंकर मारू नका.

आधी सेल काढा आणि कोरड्या जुन्या टूथब्रशने भुकटी झाडा, यंत्र उलटं धरून. मग कापसाच्या काडीला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस जेमतेम ओला होईल इतका लावा आणि पट्टीवर फिरवा. अल्कली आणि आम्ल भेटले की थोडा फेस येतो. फेस थांबला की काम झालं. व्हिनेगर आत ओतायचं नाही. खणाच्या फटीतून ते बोर्डावर गेलं तर आधीच्या दुखण्यात भर पडेल. यानंतर दुसरी काडी शुद्ध पाण्यात किंचित भिजवून आम्ल पुसून घ्या आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा. मोबाइल दुरुस्तीवाले त्याला आयपीए म्हणतात, त्यांच्याकडून छोटी बाटली मिळते. हातांचं जेल सॅनिटायझर वापरू नका, त्यातला चिकटपणा मागे राहतो. झाकण उघडं ठेवून रात्रभर वाळू द्या.

पाझरलेला सेल झिंक-कार्बनचा असेल तर गळती आम्लधर्मी असते. तिथे व्हिनेगरऐवजी खाण्याच्या सोड्याचं पाणी, तेही काडीपुरतंच.

भुकटी गेल्यावर पट्टी कशी दिसते ते पाहा. नुसती काळपट असेल तर खोडरबराने घासून चकचकीत होते. हिरवा-निळा गंज दिसला तर वरचा निकेलचा मुलामा गेला आणि खालचं तांबं उघडं पडलं, असं समजा. बारीक पॉलिश पेपरने ती साफ होते आणि चालतेही, पण उघडं तांबं पुन्हा काळं पडणार. कोकणात तर पहिल्या पावसातच. अशा यंत्राची पट्टी दर काही महिन्यांनी पुसावी लागेल हे धरून चाला. आणि पट्टी स्वच्छ असूनही यंत्र चालत नसेल, तर गळती पट्टीमागच्या वायरीच्या आतून किंवा डाखापर्यंत पोहोचलेली असते. तिथे दुरुस्तीवाल्याकडे जाऊन वायर बदलून घ्यावी लागते.

पट्ट्या स्वच्छ आहेत, पण यंत्र हलवलं की बंद पडतं.

स्प्रिंग दबली आहे. चिमट्याने ती एक-दोन मिलिमीटर बाहेर ओढा. समोरची सपाट पट्टी आत गेली असेल तर तिलाही हलकेच पुढे आणा. जोर केला तर ती मुळाशी तुटते, मग डाख देण्यावाचून गत्यंतर नाही. चॉकलेटच्या चांदीची घडी घालून वेळ मारून नेणारे आहेत. ती घडी सरकून दोन पट्ट्यांना चिकटली तर शॉर्ट होऊन सेल तापतो, म्हणून मी ते सुचवत नाही.

ही तक्रार किरकोळ समजू नका. रेकॉर्डिंग चालू असताना टेबलावरून यंत्र उचललं, पट्टी क्षणभर सुटली, आणि ‘Card Error’ चा संदेश आला, असंच बहुधा घडलेलं असतं.

आतच बॅटरी असलेलं यंत्र चार्ज होत नाही.

टाइप-सी खाच असेल तर दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल सोडून, जुन्या चौकोनी यूएसबी टोकाची केबल आणि साधा ५ व्होल्टचा चार्जर लावून बघा. स्वस्त यंत्रांत कधी कधी खाचेपाशी लागणारे दोन छोटे रोधक बसवलेलेच नसतात. त्यामुळे नव्या चार्जरला समोर काही जोडलं आहे हे कळत नाही आणि तो वीजच सोडत नाही. जुन्या केबलीने मात्र चार्ज होतं. यंत्राची पाठ फुगलेली दिसली तर चार्ज करणं त्याच क्षणी थांबवा.

‘Card Error’ किंवा ‘Format?’ असं दिसतंय आणि आत रेकॉर्डिंग आहे. आत्ता काय करू नये?

Format ला ‘हो’ म्हणू नका. त्याच कार्डावर नवं रेकॉर्डिंग करू नका. संगणकाला कार्ड लावल्यावर विंडोज ‘You need to format the disk in drive E: before you can use it’ असं म्हणेल, तिथे Cancel दाबा. आणि `chkdsk /f` लगेच चालवू नका. ते फाइलव्यवस्था सुसंगत करतं खरं, पण त्यासाठी कार्डावर लिहितं, आणि त्या लिहिण्यात तुम्हाला हव्या असलेल्या तुकड्यांचा माग पुसला जाऊ शकतो.

कार्ड काढा, बाजूला ठेवा. आवाजाचा डेटा बहुतेक वेळा जागच्या जागी असतो. बिघडलेली असते ती त्याची नोंद.

म्हणजे नेमकं काय बिघडतं? फाइल ० केबी का दिसते?

रेकॉर्डिंग चालू असताना यंत्र आवाज कार्डावर तुकड्या-तुकड्याने लिहीत जातं. फाइल किती मोठी आहे, ती कुठे संपते, ही नोंद बरीच यंत्रं तुम्ही Stop दाबल्यावरच पक्की करतात. पुस्तक छापून झालं आणि अनुक्रमणिका छापायची राहिली, तशी ही गत आहे. `.wav` फाइलच्या अगदी सुरुवातीलाही एक छोटा मथळा असतो. त्यात एकूण लांबी लिहिलेली असते आणि तीही शेवटी भरली जाते. वीज मध्येच गेली तर कार्डाच्या यादीत फाइल ० केबी राहते आणि मथळ्यात लांबी शून्य. रेकॉर्डर अशी फाइल उघडायला जातो आणि ‘File Error’ देतो.

`.mp3` मध्ये परिस्थिती बरी असते. ती फाइल स्वतंत्र छोट्या चौकटींची बनलेली असते, त्यामुळे अर्धी मिळाली तरी अर्धी वाजते.

मग रेकॉर्डिंग परत कसं मिळवायचं?

पहिलं काम कार्डाची हुबेहूब प्रतिमा घेण्याचं. फाइली कॉपी करून उपयोग नाही, कारण हवी असलेली फाइल यादीत नाहीच. विंडोजवर Win32 Disk Imager उघडा, संगणकावरच्या एका नव्या फाइलचं नाव द्या, कार्डाचा ड्राइव्ह निवडा आणि Read दाबा. Write दाबलंत तर उलटं होईल, कार्डावरचं सगळं जाईल. लिनक्सवर:

```
sudo ddrescue -d /dev/sdX card.img card.map
```

`sdX` च्या जागी कार्डाचं खरं नाव `lsblk` ने पाहून घाला. कार्डाचे काही भाग वाचता येत नसतील तर ddrescue ते सोडून पुढे जातं आणि नंतर पुन्हा प्रयत्न करतं, म्हणून आजारी कार्डाला तेच बरं. प्रतिमा झाली की कार्ड पाकिटात घालून ठेवा. पुढचं सगळं या `card.img` वर करायचं.

आता PhotoRec. नावात फोटो असला तरी ते `.wav`, `.mp3` सुद्धा शोधतं, आणि मोफत आहे. ते यादीकडे पाहतच नाही, फाइलींच्या सुरुवातीच्या खुणा शोधत जातं. `photorec card.img` असं चालवा आणि सापडलेल्या फाइली संगणकाच्या डिस्कवर ठेवा. चुकून खोडलेल्या किंवा घाईत Quick Format झालेल्या कार्डावर एवढ्याने बहुतेक काम होतं. फाइलींची मूळ नावं मात्र परत येत नाहीत. ऐकून ओळखावं लागतं.

मथळ्यात लांबीच नसलेली `.wav` मात्र PhotoRec च्या हातून निसटू शकते, कारण कुठवर वाचायचं हे ते मथळ्यालाच विचारतं. तिथे Audacity हे आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर कामाला येतं.

हे एखाद्या खऱ्या उदाहरणाने सांगाल का?

एका मैत्रिणीने गावी जाऊन आत्याच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. कार्ड ८ जीबीचं, त्याच सकाळी रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट केलेलं. सेटिंग ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ. आधी ४० मिनिटांची एक फाइल झाली, नीट बंद झाली. दुसऱ्या फाइलला साधारण ८० मिनिटं झाली असताना यंत्र विझलं. पुन्हा चालू केल्यावर दुसरी फाइल ० केबी.

या सेटिंगला सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात. म्हणजे ४० मिनिटांचे सुमारे ४२ कोटी ३० लाख बाइट आणि ८० मिनिटांचे सुमारे ८४ कोटी ७० लाख. मिळून १२७ कोटी. ताज्या फॉरमॅट केलेल्या कार्डावर लिखाण सुरुवातीपासून ओळीने होत जातं, त्यामुळे हरवलेल्या ओव्या कार्डाच्या पहिल्या वीस टक्क्यांत असणार हे आधीच कळलं.

प्रतिमा घेतली. PhotoRec ने पहिली फाइल दिली, दुसरी नाही. मग Audacity मध्ये `File > Import > Raw Data` वरून `card.img` उघडली. Encoding: Signed 16-bit PCM. Byte order: Little-endian. Channels: 2. Sample rate: 44100. Amount to import: 20%. संपूर्ण प्रतिमा आत घेतली तर संगणक दमतो, म्हणून हा आकडा.

पडद्यावर एक लांबलचक लहर आली. सुरुवातीचा अर्धा-एक मिनिट शांतता आणि मध्येच कर्कश खरखर. ती कार्डाची यादी, आवाज म्हणून वाजलेली. हेडफोनचा आवाज आधी कमी करून ठेवा. त्यानंतर पहिल्या ४० मिनिटांचं रेकॉर्डिंग, आणि ते संपताच क्षणभराची खरखर होऊन आत्यांचा आवाज सुरू झाला. तेवढा भाग निवडून `.wav` म्हणून निर्यात केला. शेवटची काही सेकंदं गेलीच. विझताना ती यंत्राच्या आतल्या तात्पुरत्या स्मृतीत होती, कार्डावर उतरलीच नव्हती. ती कुठल्याही साधनाने मिळत नाहीत.

आवाजाऐवजी सगळीकडे सलग सुसाटा ऐकू आला तर सेटिंग जुळलेलं नाही. रेकॉर्डर २४ बिटवर असेल तर Signed 24-bit निवडा, आणि तरीही सुसाटाच असेल तर Start offset एकेकाने वाढवत १, २, ३ असं करून बघा. आवाज बरोबर पण चिरका किंवा जड वाटला तर Sample rate बदला. आणि कार्ड जुनं, बऱ्याचदा खोडून भरलेलं असेल तर तुकडे विखुरलेले निघतात. मग ऐकत ऐकत जोडावं लागतं, ते काम कंटाळवाणं आहे.

आता कार्ड फॉरमॅट करू का? संगणकावर की रेकॉर्डरवर?

प्रतिमा हातात आली की करा, आणि रेकॉर्डरच्याच मेन्यूतून करा. ४ ते ३२ जीबीच्या कार्डांना FAT32 ही फाइलव्यवस्था लागते. त्याहून मोठी कार्डं सहसा exFAT मध्ये येतात. तुमचा रेकॉर्डर ३२ जीबीपर्यंतचंच कार्ड घेत असेल तर ६४ जीबीच्या कार्डावर तो ‘Card Error’ देईल, कार्डात काहीही दोष नसताना. मॅन्युअलमध्ये कमाल क्षमता दिलेली असते. रेकॉर्डरच्या आतल्या मेमरीला तर संगणकावरून कधीच फॉरमॅट करू नका, नंतर यंत्र तिला ओळखेलच असं नाही.

Quick आणि Full असे पर्याय असतील तर फरक लक्षात ठेवा. Quick मध्ये फक्त यादी कोरी होते. विंडोजचं पूर्ण फॉरमॅट सगळ्या कार्डावर शून्यं लिहितं, त्यानंतर काही परत मिळत नाही.

फॉरमॅट झालं म्हणतो, पण जुन्या फाइली पुन्हा दिसतात!

कार्डाचं आयुष्य संपलं. आतली चिप झिजली की काही कार्डं स्वतःला फक्त वाचण्यापुरतं ठेवतात. लिहिलेलं स्वीकारल्यासारखं दाखवतात आणि प्रत्यक्षात टाकून देतात. अशा कार्डावरून हवं ते उतरवून घ्या आणि ते मोडून टाका.

याच्याशी मिळतीजुळती दुसरी तक्रार म्हणजे आधीची रेकॉर्डिंग चांगली, नंतरची सगळी खराब. तिथे कार्ड बनावट असण्याची शंका घ्या. छापलेलं ६४ जीबी आणि आत ८. रिकाम्या कार्डावर H2testw हे तपासणीचं साधन चालवलं की खरी क्षमता कळते.

संगणकाला कार्ड दिसतच नाही. आता?

कार्डाचे सोनेरी संपर्क खोडरबराने हलकेच पुसून, दुसऱ्या रीडरमध्ये घालून बघा. रीडर बिघडलेले असण्याचं प्रमाण बरंच आहे. तरीही दिसलं नाही, किंवा क्षमता शून्य दाखवली, तर घरगुती उपाय संपले. मायक्रोएसडीत सगळं एकाच ठोकळ्यात ओतलेलं असतं. डेटा परत मिळवणाऱ्या प्रयोगशाळेत त्यावरचा थर खरवडून आतल्या टोकांना वायरी जोडतात. खर्चिक काम आहे आणि यशाची खात्री नसते, म्हणून तपासणीचे पैसे आणि डेटा मिळाल्यावरचे पैसे वेगवेगळे विचारून घ्या.

सेल बदलल्यावर फाइलींच्या तारखा चुकीच्या येतात.

सेल काढल्यावर घड्याळ थोडाच वेळ टिकतं आणि मग मूळ तारखेवर जातं. नवे सेल हाताशी ठेवून झटपट बदला, आणि पट्टी साफ करायला यंत्र रात्रभर उघडं ठेवलं असेल तर रेकॉर्डिंगआधी तारीख लावून घ्या.